सात नंबरच्या नळीतले दगड

वेताळ टेकडीवर सात नंबरची नळी अर्धी आत गेली आणि 'टण्' असा आवाज आला. खाली दगड. मी नळी उपसली, वीतभर बाजूला सरकले आणि पुन्हा ठोकायला लागले. या वेळी ती सुरळीत आत गेली. मला बरं वाटलं. वहीत मी फक्त "नळी ७, गिरिपुष्पाखाली, ० ते १० सेंमी" एवढंच लिहिलं. आधीच्या प्रयत्नाची नोंद केली नाही. नंतर जो घोळ झाला त्याची एक बाजू त्या न केलेल्या नोंदीतच होती, पण ते कळायला महिना गेला.

झालं असं होतं की टेकडीवर सकाळी चालायला येणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. टेकडीवरची झाडं-माती वाचावी म्हणून ग्रुपला एक निवेदन द्यायचं होतं, आणि त्यात झाडांच्या संख्येबरोबर मातीत किती कार्बन साठलाय याचाही आकडा हवा होता. ग्रुपमध्ये पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणारी मी एकटीच. त्यामुळे "तू कर ना, तुझं तेच तर शिक्षण आहे" असं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. माझ्या प्रोजेक्टसाठी मातीचे नमुने घ्यायची परवानगी होतीच. म्हटलं, करू.

मातीतला कार्बन मोजायला दोन गोष्टी लागतात. एक, मातीत कार्बन शेकडा किती आहे. ते प्रयोगशाळा सांगते. दुसरी, एवढ्या जागेत माती किती वजनाची आहे. ती दुसरी गोष्ट म्हणजे बल्क डेन्सिटी, मराठी पुस्तकात हिला स्थूल घनता म्हणतात. माती जमिनीत जशी आहे तशी, तिच्यातल्या पोकळ्यांसकट, एक मिली जागेत किती ग्रॅम बसलीय, तो हा आकडा. सगळं शहाणपण 'जशी आहे तशी' या शब्दांत आहे. फावड्याने माती उकरून डब्यात भरली की ती मोकळी होते आणि आकडा खोटा ठरतो. म्हणून ठरावीक मापाची नळी न हलवता जमिनीत घुसवायची आणि आतल्या मातीसकट अलगद बाहेर काढायची.

आमची नळी बोहरी आळीतून घेतलेल्या जी.आय. पाइपची होती. आतला व्यास ८ सेंटिमीटर, उंची १० सेंटिमीटर. म्हणजे आत ५०३ मिली जागा. लेथवाल्या दादांना मी सांगितलं, की खालच्या तोंडाला धार बाहेरून काढा, आतून नको. त्यांनी कारण विचारलं. आतून धार काढली तर नळी आत जाताना माती मध्याकडे ढकलली जाते आणि दाबली जाते. बाहेरून काढली तर ढकललेली माती नळीच्या बाहेर राहते. त्यांनी मान हलवली आणि २० रुपये कमी घेतले. का ते कळलं नाही.

नळी ठोकताना तिच्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारायचा. आत गेल्यावर एक साधी परीक्षा असते. नळीच्या आतली माती आणि बाहेरची माती एकाच पातळीवर आहेत का ते पट्टीने बघायचं. आतली खाली गेली असेल तर तुम्ही माती दाबलीय, नमुना फेकून द्या. मग बाजूची माती उकरून, नळीखालून पातळ पाटी सरकवून ती उचलायची आणि दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापायची. कापताना काठावर अर्धा आत अर्धा बाहेर असा खडा लागला की मोठी पंचाईत. तो ओढून काढला तर खड्डा पडतो, ठेवला तर नळीपेक्षा जास्त माल मोजला जातो. असा नमुनाही टाकून द्यायचा. पहिल्या सकाळी मी नऊ नळ्या टाकल्या आणि पाच ठेवल्या.

ऑक्टोबर मुद्दाम निवडला होता. पाऊस संपून माती ओलसर असते, नळी आत जाते आणि माती तिच्यात धरून राहते. मे महिन्यात या टेकडीवर नळी ठोकणं म्हणजे रस्त्यावर खिळा ठोकणं.

एकूण बारा नळ्या झाल्या. काही गिरिपुष्पाच्या झाडोऱ्याखाली, काही गवतात आणि दोन मुद्दाम पायवाटेवर. नळ्यांमधला माल पिशव्यांत भरून मी डिपार्टमेंटमध्ये नेला. लॅबमधल्या मामांनी ओव्हन १०५ अंशांवर लावून दिला. दुसऱ्या दिवशी वजन, परत ओव्हन, परत वजन. दोन वजनं सारखी आली की माती कोरडी झाली. सात नंबरचा माल ७५४ ग्रॅम भरला. ७५४ भागिले ५०३, म्हणजे १.५०. कार्बनसाठीची माती मी त्याच जागांवरून वेगळी आणली होती, कारण ती ओव्हनमध्ये न टाकता सावलीत वाळवतात. ती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून दिली होती. झाडाखालच्या मातीत सेंद्रिय कार्बन २ टक्के आला.

पुढचं गणित शाळेतलं आहे. एक हेक्टर जागेत १० सेंटिमीटर खोलीपर्यंत १००० घनमीटर माती असते. घनमीटरला १.५ टन धरले तर १५०० टन माती. तिचे २ टक्के म्हणजे ३० टन कार्बन. सात नंबरची नळी झाडाखालच्या बाकी नळ्यांच्या सरासरीच्या अगदी जवळ होती. मी ग्रुपवर टाकलं, "हेक्टरी ३० टन, फक्त वरच्या १० सेंटिमीटरमध्ये." खाली अंगठ्यांची रांग लागली. आकडा निवेदनाच्या मसुद्यात गेला आणि पुढच्या चार दिवसांत तीन वेगवेगळ्या ग्रुपमधून फिरून माझ्याच मावशीकडून मला परत आला.

चूक कळली ती कार्बनमुळे नाही, पायवाटेमुळे. पायवाटेवरची एक नळी मी सगळ्यात शेवटी मोजली. ७९० ग्रॅम. म्हणजे १.५७. सात नंबरची १.५०. दोघींमध्ये फरक जेमतेम पाच टक्के. मी आकड्यांकडे बघत बसले, कारण माझ्या हातांना दुसरंच काहीतरी आठवत होतं. गिरिपुष्पाखाली पालापाचोळा बाजूला केला की बोट पेरभर आत जायचं. पायवाटेवर खुरपं टेकवून वर उभं राहिलं तरी ते हलत नव्हतं. या दोन जमिनी जवळपास सारख्याच घट्ट आहेत असं माझा वजनकाटा सांगत होता. वजनकाटा बरोबर होता. प्रश्न मी चुकीचा विचारला होता.

पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या आहेत. लाव्हाचे थरावर थर. वर वीतभर माती, तिच्यात दगड, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. सात नंबरच्या नळीतले ७५४ ग्रॅम हे मातीचे नव्हतेच. माती, दगड आणि मुळं या तिघांचे मिळून होते. दगड मातीपेक्षा खूप जड. मऊ, भुसभुशीत मातीत थोडे दगड मिसळले की एकूण वजन घट्ट मातीएवढं होतं. झाडाखालच्या मातीचा मऊपणा दगडांनी झाकून टाकला होता.

सुदैवाने मामांनी पिशव्या फेकल्या नव्हत्या. "मॅडम, प्रोजेक्टची माती व्हायवा होईपर्यंत फेकायची नाही, असं माझं तत्त्व आहे," ते म्हणाले.

ओव्हनमध्ये वाळलेली चिकण माती विटेसारखी कडक होते, ती कुटून चाळायला गेलं तर दगडही फुटतात. म्हणून मी सात नंबरचा सगळा माल रात्रभर पाण्यात भिजवला आणि सकाळी २ मिलिमीटरच्या चाळणीवर ओतून नळाखाली धुतला. जगभरात रेघ इथेच आखलेली आहे: २ मिलिमीटरच्या खाली जाईल ती माती, वर राहील तो दगड. धुण्याचा आणखी एक फायदा असा, की दगडांना चिकटलेली माती सुटून जाते. कोरडंच चाळलं तर ती माती दगडांच्या वजनात मोजली जाते, आणि चिकण मातीत हा हिशेब बराच चुकू शकतो.

पण मुरमाचं काय करायचं? चाळणीवर पिवळट-तपकिरी खडे होते, बोटांनी दाबले की काही फुटत, काही नाही. अर्धवट कुजलेला दगड तो. जोर लावला तर माती, नाही लावला तर दगड. मामांचा अंगठा माझ्यापेक्षा दणकट, त्यांनी चाळलं तर दगड कमी भरतील! शेवटी एक नियम ठरवला. पाण्याखाली दोन बोटांत हलकेच चोळून जे विरघळतं ती माती, जे टिकतं तो दगड, आणि सगळ्या बारा नळ्या मीच चोळणार. हा नियम काही निसर्गात लिहिलेला नाही. पण तो सगळीकडे एकच असला आणि वहीत लिहिलेला असला, तर निदान आपल्याच दोन नळ्यांची तुलना करता येते.

मुळं चिमट्याने वेचली. मग दगड आणि मुळं परत वाळवून वजन केलं. दगड २७६ ग्रॅम, मुळं ६ ग्रॅम. ७५४ मधून दोन्ही वजा केले की उरली माती: ४७२ ग्रॅम. नळीतल्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त दगडच होते.

आता ही ४७२ ग्रॅम माती किती जागेत बसली होती? ५०३ मिलीत नाही, कारण त्यातली काही जागा दगडांनी आणि मुळांनी अडवलेली होती. ती जागा वजा करायला दगडांचं आकारमान हवं. पुस्तकातला सोपा रस्ता म्हणजे दगडाची घनता २.६५ धरायची. हा आकडा क्वार्ट्झचा आहे, म्हणजे वाळूचा. आपला ताजा काळा बेसॉल्ट त्याहून जड असतो, २.८ ते ३ च्या आसपास. आणि टेकडीवरचा कुजलेला, भोकाभोकांचा दगड त्याहून हलका. तिथे उगाच पुस्तकावर भरवसा ठेवण्यापेक्षा मोजणं सोपं.

मोजपात्रात २०० मिली पाणी घेऊन मी दगड टाकले. बुडबुडे यायला लागले. भोकांमध्ये पाणी शिरत होतं, आणि पातळी जेवढी वाढायला हवी तेवढी वाढत नव्हती. नळीत असताना त्या भोकांची जागाही दगडानेच अडवलेली होती, तेव्हा ती मोजायला हवी. म्हणून दगड रात्रभर पाण्यात ठेवले, सकाळी जुन्या टॉवेलने वरवर टिपले आणि मग मोजपात्रात सोडले. पाणी २०० वरून ३१५ वर गेलं. दगडांची जागा ११५ मिली. २७६ भागिले ११५ म्हणजे घनता २.४. ना पुस्तकातली, ना काळ्या कातळाची.

मुळांची गंमत वेगळी आहे. त्यांचं वजन नगण्य, ७५४ मध्ये ६ ग्रॅम. ते सोडून दिलं तरी चालेल असं कोणालाही वाटेल. पण मुळं हलकी आणि फुगीर असतात. जमिनीत ओली असताना ती वजनाच्या मानाने बरीच जागा घेतात. वाळल्यावर सुरकुततात, म्हणून त्यांची जागा ताजेपणीच मोजायला हवी. मी सात नंबरची मुळं आधीच ओव्हनमध्ये घालून बसले होते. रात्रभर भिजवून फुगवली, तेव्हा १५ मिली भरली. हा अंदाज आहे. पुढच्या नळ्यांची मुळं मी आधी वेचली आणि मग माती ओव्हनमध्ये टाकली.

तर ५०३ मधून दगडांचे ११५ आणि मुळांचे १५ गेले. उरले ३७३ मिली. ४७२ भागिले ३७३, म्हणजे १.२७. पायवाटेच्या नळीचंही हेच केलं. तिच्यात दगड फक्त ९० ग्रॅम निघाले, ३८ मिली जागेचे. मुळं १ ग्रॅम, २ मिली. माती ६९९ ग्रॅम, ४६३ मिलीत. म्हणजे १.५१.

आधी १.५० आणि १.५७. आता १.२७ आणि १.५१. माझ्या बोटांना जे माहीत होतं ते आता कागदावर होतं. पुस्तकातला २.६५ वापरला असता तर झाडाखालची माती १.२३ आली असती. म्हणजे दगडाची घनता गृहीत धरण्यातली चूक बारीक आहे, दगड विसरण्यातली मोठी.

इथे मी खूश झाले, आणि खुशीत दुसरी चूक केली. म्हटलं, खरी घनता १.२७ आहे, तर हेक्टरी माती १२७० टन, कार्बन २५ टन. मेसेज टाइप केला, "दुरुस्ती: ३० नव्हे, २५." पाठवण्याआधी एकदा सरांना दाखवावा म्हणून थांबले. सर म्हणाले, "पोप्लाऊंचा पेपर वाचलास का?" आणि चहा प्यायला निघून गेले. ही त्यांची शिकवायची पद्धत आहे.

पेपर २०१७ सालचा, 'सॉइल' नावाच्या नियतकालिकातला. क्रिस्टोफर पोप्लाऊ, कोरा व्होस आणि अ‍ॅक्सेल डॉन या जर्मनीतल्या थ्यूनेन इन्स्टिट्यूटच्या लोकांचा. त्यांचं म्हणणं शीर्षकातच आहे: बल्क डेन्सिटी आणि दगडांचं प्रमाण हे दोन आकडे चुकीच्या तऱ्हेने वापरल्यामुळे मातीतला कार्बन पद्धतशीरपणे जास्त मोजला जातो. शास्त्रज्ञ कोणकोणत्या प्रकारे हा हिशेब करतात ते त्यांनी मांडलंय. त्यात माझी पहिली चूक होती आणि दुसरीही होती. एवढ्या मोठ्या लोकांच्या पंगतीत बसल्याचा आनंद अर्धा मिनिट टिकला.

दुसरी चूक समजायला डब्यातल्या तांदळाचा विचार करा. डबाभर तांदूळ आणला, त्यात भरपूर खडे निघाले. मला दोन प्रश्न पडू शकतात. एक, तांदूळ किती दाबून भरलेला होता? त्यासाठी खड्यांची जागा सोडून उरलेल्या जागेने तांदळाच्या वजनाला भागायला हवं. हे १.२७. दुसरा, या डब्यात तांदूळ आहे किती? त्यासाठी तांदळाचं वजन आणि अख्खा डबा, बस्स. १.२७ ने अख्खा डबा गुणला तर खड्यांच्या जागीही तांदूळच आहे असं धरल्यासारखं होतं. टेकडीच्या हेक्टरमधून दगड कोणी उचलून नेलेले नाहीत. ते आपापल्या जागी आहेत, आणि प्रयोगशाळेचे २ टक्के फक्त चाळणीखालच्या मातीचे आहेत.

म्हणजे ४७२ भागिले ५०३. ०.९४. हेक्टरी ९४० टन माती, आणि कार्बन १९ टनांच्या आत.

मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की या हिशेबात दगडांची घनता कुठेच येत नाही. टॉवेलने टिपलेले दगड, बुडबुडे, फुगवलेली मुळं, यातलं काहीही कार्बनच्या साठ्याला लागत नाही. चाळणीखालच्या मातीचं वजन आणि नळीचं माप, एवढंच पुरतं. टॉवेलची मेहनत लागते ती माती दाबली गेलीय का हे बघायला, मुळांना आत शिरायला जागा आहे का हे बघायला. आणि दोन्ही आकड्यांना लोक बल्क डेन्सिटीच म्हणतात. एक्सेलच्या रकान्यावर नुसतं 'बी. डी.' लिहिलेलं असतं. त्यातला आकडा १.५०, १.२७ की ०.९४, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

उलटी चूकही होते. एखाद्याला रकान्यात ०.९४ मिळतो, दगड त्यातून आधीच वजा झालेत हे त्याला माहीत नसतं, आणि तो प्रामाणिकपणे दगडांची पाव जागा पुन्हा वजा करतो. मग १९ चे १४ होतात. मी माझ्या फाइलमध्ये आता तीन रकाने केलेत आणि नावं लांबलचक ठेवलीत: 'दगड-मुळांसकट', 'फक्त माती, मातीच्या जागेत' आणि 'फक्त माती, नळीच्या जागेत'. रकाने स्क्रीनवर मावत नाहीत. चालेल.

१९ चा आकडा घेऊन मी ग्रुपमधल्या काकांकडे गेले. निवेदन लिहिणारे तेच. आयुष्यभर रस्त्यांची कामं करून निवृत्त झालेले सिव्हिल इंजिनिअर. मला भीती होती की ते चिडतील. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "नळी दगडावर आपटली की काय करतेस?"

"बाजूला सरकते."

"म्हणजे जिथे दगड नाही तिथलीच माती तू मोजलीस."

माझ्या पोटात गोळा आला. आठ सेंटिमीटरच्या नळीत मुठीएवढा दगड शिरूच शकत नाही. तो लागला की आपण सरकतो. बारा नळ्या म्हणजे टेकडीच्या बारा सोयीच्या जागा होत्या.

काकांनी मग त्यांच्या कामातली गोष्ट सांगितली. रस्त्याचा भराव नीट दाबला गेलाय का हे तपासायला त्यांच्याकडेही दोन पद्धती असतात, दोन्ही आय.एस. २७२० या मानकातल्या. मऊ मातीत कोअर कटर, म्हणजे माझ्या नळीचाच मोठा भाऊ. आणि खडी-मुरूम असेल तर नळीच्या नादी लागायचं नाही. खड्डा खणायचा, निघालेला सगळा माल जपून ठेवायचा, आणि खड्ड्यात माहितीच्या घनतेची कोरडी वाळू ओतून त्याचं आकारमान काढायचं. "फरक इतकाच," ते म्हणाले, "की आमचा आकडा जास्त आला की आम्ही पेढे वाटायचो."

टेकडीवर वाळूचं पोतं कोण नेणार, म्हणून आम्ही पाणी वापरलं. त्यासाठी पातळ प्लास्टिकचा कागद लागतो, जो खड्ड्याच्या प्रत्येक खाचेत बसेल. पुढच्या रविवारी सात नंबरच्या जागेशेजारी, दगड बघून जागा न बदलता, फूटभर लांब-रुंद आणि १० सेंटिमीटर खोल खड्डा खणला. निघालेला सगळा माल ताडपत्रीवर. मुठीएवढे दगड घासून, माती पुसून बाजूला. बारीक माल तिथेच चाळून काट्यावर तोलला, आणि त्यातली थोडी माती पिशवीत सीलबंद केली, ओलावा किती आहे ते ओव्हनमध्ये कळावं म्हणून. मग खड्ड्यात प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी ओतलं, लिटरच्या बाटलीने मोजत. काका बाटल्या मोजत होते, मी कागद खाचांमध्ये दाबत होते. येणारे-जाणारे विचारत होते की मासे पाळणार का.

९.४ लिटर पाणी मावलं. ओलावा वजा करून कोरडी माती भरली ७.६ किलो. म्हणजे लिटरला ०.८१ किलो. हेक्टरी ८१० टन माती, कार्बन १६ टन.

तीस, पंचवीस, एकोणीस, सोळा.

एका खड्ड्यावर मी टेकडीचा आकडा ठरवणार नव्हते. नोव्हेंबरात आणखी तीन खणले. एक नळ्यांच्या आकड्याच्या जवळ आला, दोन पहिल्या खड्ड्याच्या. त्यावरून मी निवेदनात "१६ ते १९ टन, वरच्या १० सेंटिमीटरमध्ये, झाडांखालच्या भागात" असं लिहिलं. पायवाटेचा आणि गवताचा भाग वेगळा. १० सेंटिमीटरच्या खाली आम्ही मोजलं नाही, तेही लिहिलं.

ग्रुपवर दुरुस्ती टाकली तेव्हा या वेळी अंगठे आले नाहीत. एका काकूंनी लिहिलं, "अगं, आपणच आपला आकडा कमी कशाला करायचा?" एकाने विचारलं, की समोरच्याने कुठे मोजलंय, राहू दे की तीस. मी उत्तर टाइप करत होते आणि पुसत होते. तेवढ्यात इंजिनिअर काकांचा मेसेज आला. त्यांनी फक्त खड्ड्याचा फोटो टाकला होता, ताडपत्रीवर एका बाजूला मातीचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला दगडांचा. दगडांचा मोठा होता. खाली लिहिलं होतं, "यातला डावा ढीग मोजायचा आहे."

मावशीने मात्र तीस टनांचा मेसेज मला अजून एकदा पाठवला, डिसेंबरात.

शेवटचा खड्डा बुजवताना आम्ही दगड आधी टाकले, मोठे खाली, मग माती. पायाने दाबली, पाण्याची उरलेली बाटली ओतली, परत दाबली. तरी खड्डा भरून वर दोन ओंजळी माती उरली. पिशवीभर माती तर मी लॅबसाठी आधीच काढून घेतली होती.

"दाब अजून," काका म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नको, राहू दे. तुझा आकडा वाढेल."